थोरल्या निवटीचे डोळे

“तू आता काही बोलायचं नाहीस,” अफिफा म्हणाली. “खोकायचंसुद्धा नाही.”

पिंकी आईच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. हा नियम पिंकीनेच केला होता. गेम तपासायला माणूस बसवला की बनवणाऱ्याने गप्प राहायचं. खेळणारा अडला, चुकला, चिडला, तरी त्याला काही सांगायचं नाही. बाजारात गेलेल्या गेमबरोबर बनवणारा प्रत्येकाच्या घरी जाऊन बसत नाही.

आई, म्हणजे शांती, हमरापूरहून सकाळच्या गाडीने रोह्याला आली होती. येताना तांदळाची पिशवी आणि वाल घेऊन. वरसे गावातल्या ह्या फ्लॅटमध्ये ती पहिल्यांदाच येत होती. फ्लॅट अफिफाच्या भावाचा, जुहेबचा. तो दोह्याला असल्यामुळे पुढच्या खोलीत ह्या दोघींचं ऑफिस. अफिफा प्रोग्राम लिहायची. चित्रं आणि लढायांची रचना पिंकीकडे.

“हीच तुमची कंपनी?” शांतीने खोलीभर नजर फिरवून विचारलं. “गावात बायका विचारतात, पोरगी कंच्या कंपनीत हाय. मी म्हणते रोह्याला. मग विचारतात, शिफ्ट कंची?”

“मग काय सांगता, काकी?”

“जनरल.”

अफिफा मोठ्याने हसली. पिंकीला हसू आलं नाही. तीन वर्षांत आईने तिच्या कामाबद्दल विचारलेलं एवढंच. हमरापूरच्या त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात साचे वडील, दिनानाथ, काढायचे आणि डोळ्यांची आखणी आई करायची. आसपासच्या कारखान्यांतूनही तिला आखणीला बोलावणं येई. ब्रश पुढे पिंकीच्या हातात जाणार हे घरात कोणी बोललं नव्हतं, पण ठरलेलं होतं. पिंकीने तो घेतला नाही. त्यावरून भांडण झालं नाही. आईने फक्त विचारणं बंद केलं.

म्हणून आज ती खेळायला कबूल झाली तेव्हा पिंकीला रात्री नीट झोप लागली नव्हती. बंगळूरच्या गेम बनवणाऱ्यांच्या एका मेळाव्याला डेमो, म्हणजे गेमचा नमुना, पाठवायचा होता आणि त्याच्या अर्जात पिंकीने लिहिलं होतं: आमचा बॉस, ज्याने आयुष्यात गेम खेळलेला नाही अशा माणसालाही, एक शब्द न सांगता लढायला शिकवतो. लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होतं.

गेम साधा होता. खाडीकाठी शेतीचा बांध. भरतीच्या पाण्यापासून तो राखणारी एक मुलगी, हातात लांब काठी. वाटेत खेकडे, घुशी, बांधाला पडलेली भोकं. आणि शेवटी बॉस, म्हणजे सगळ्यात मोठा शत्रू: थोरली निवटी. बांधाखाली बीळ करून बसलेली, बैलगाडीएवढी.

निवटी पिंकीने मुद्दाम निवडली होती. खाडीच्या चिखलात ही मासळी लहानपणापासून पाहिलेली. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे, आणि वाटलं की ती ते खाली खळग्यात ओढून घेते, पुन्हा वर काढते. दुसरी निवटी हद्दीत आली की पाठीवरचा पंखा उभा करते. उडी मारायच्या आधी शेपूट वळवते. म्हणजे काय करणार ते आधी सांगते. बॉसला आणखी काय लागतं? हल्ला कितीही जबर असला तरी त्याच्या आधी इशारा दिसला पाहिजे, आणि तो माणसाच्या डोळ्याला दिसून हातापर्यंत पोचेल इतका वेळ टिकला पाहिजे. इशारा नसलेला हल्ला अवघड नसतो, नुसता अन्याय असतो, असं पिंकी म्हणायची.

शांतीने कंट्रोलर हातात घेतला. अफिफाने चालायचं, बाजूला उडी मारायची आणि काठी मारायची बटणं दाखवली. तेवढंच सांगायला परवानगी होती.

निवटी बिळातून वर आली. पंखा उभा राहिला, शेपूट वळली, आणि ती धाडकन गेममधल्या मुलीवर येऊन पडली.

“अगो बया!”

दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा शांतीने बाजूला उडी मारली, पण उशिरा. मग बेताची. मग पंखा हलला न हलला तोच ती बाजूला झालेली. अफिफाने पिंकीकडे पाहून भुवया उंचावल्या. आधी तपासायला बसवलेली कॉलेजची पोरं हे शिकायला जास्त वेळ घेत.

आता दुसरी पायरी. उडी मारून पडली की निवटी क्षणभर चिखलात रुतायची. तेवढ्यात तिचे ओढून घेतलेले डोळे वर यायचे आणि उघडायचे. सोनेरी, चकाकणारे. तेच तिचं नाजूक ठिकाण. अंगावर काठी मारली तर ठप्प असा मुका आवाज. डोळ्यावर मारली तर चित्र पळभर थबकायचं, निवटी किंचाळायची आणि स्क्रीनच्या वरची तिच्या आयुष्याची पट्टी खाली यायची. पट्टीचा तिसरा हिस्सा गेला की भरतीचं पाणी चढून दुसरा टप्पा सुरू.

डोळे उघडले. गेममधली मुलगी मागे सरली.

निवटीने पुन्हा उडी मारली. शांती चुकली नाही. डोळे उघडले. शांती मागे.

मग अंगावर मारून बघितलं. ठप्प. शेपटीवर. ठप्प. डोळे उघडले की मात्र ती दोन पावलं मागे जाऊन थांबायची, जणू कोणाची वाट बघतेय. ती हरत नव्हती. जिंकतही नव्हती. ते तसंच चाललं, निवटी उडी मारतेय आणि शांती बाजूला होतेय, खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरेपर्यंत.

पिंकीच्या जिभेवर शब्द आला होता. अफिफाने बोट ओठांवर ठेवलं.

शेवटी शांतीने कंट्रोलर मांडीवर ठेवला. “मला नाय जमायचं हे. पोरांचं काम हाय.” मग थोड्या वेळाने, “तुमचा मासा चांगला झालाय पण.”

तिला गाडीत बसवून पिंकी परत आली, तेव्हा अफिफा स्क्रीनवर काम करत बसली होती.

“त्यांना डोळे दिसलेच नाहीत,” ती म्हणाली. “वयाने नजर कमी होते. आणखी चमकवूया. थोडे मोठेही करू.”

पिंकीने केले. डोळे उघडले की आता सगळ्या चिखलावर सोनेरी उजेड पडायचा. बुबुळाच्या कडेला तिने पांढरा ठिपका दिला, तो जिवंत वाटतो म्हणून. पुढच्या रविवारी लॅपटॉप पिशवीत घालून ती हमरापूरला गेली.

कारखान्यात माघी गणपतींचं थोडं काम होतं. विमलबाई, कारखान्यात रंगाला येणारी शेजारीण, सोंडा रंगवत होती. जेवणं झाल्यावर शांतीने कुरकुरत कंट्रोलर घेतला. उड्या तिला अजून पाठ होत्या. निवटी पडली, डोळे उघडले, उजेड पसरला.

गेममधली मुलगी वळली आणि पळत बांधाच्या टोकाला गेली.

“अगो, पळतेस काय?” विमलबाई मागून म्हणाली. “मार की तिला!”

“तू गप गो. तुला काय कळतंय?”

“मला नाय कळत, पण मासा पडलाय एवढं दिसतंय.”

डोळे पुन्हा उघडले. शांती पुन्हा पळाली, आधीपेक्षाही लांब. पिंकी बघत राहिली. तिला रडायला येत होतं आणि कशाचं ते नीट सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी तिने लॅपटॉपवर आईच्या दोन्ही वेळच्या खेळाची नोंद लावली. बटण केव्हा दाबलं, काठी केव्हा फिरली, मुलगी कोणत्या बाजूला वळली, सगळं त्यात असायचं. ती हळू चालवून बघताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली. आई डोळे उघडल्यावर गोंधळून इकडेतिकडे करत नव्हती. पापणी हलली रे हलली की तिचा अंगठा मागे जायचा. प्रत्येक वेळी, एकाच दिशेने. न दिसणाऱ्या माणसाचा हात असा चालत नाही. तिला डोळे सगळ्यांच्या आधी दिसत होते. तिच्यासाठी तोही एक इशारा होता, आणि ती तो पाळत होती.

पलीकडे आई आखणीला बसली होती. पिंकीने मान वर केली. शांतीने श्वास धरून वरच्या पापणीची रेघ ओढली, बाहेरच्या टोकाला उचलून सोडली, बुबुळ भरलं, पांढरा ठिपका दिला. मग ब्रश बाजूला ठेवला आणि स्वतःची बैठक जराशी मागे सरकवली. विमलबाई मूर्ती उचलायला आली. तिने पाट धरला. मूर्तीला बोट लागू दिलं नाही. त्यांच्या घरातली ही रीत पिंकीने इतकी पाहिली होती की ती रीत आहे हेच विसरली होती. डोळे आखेपर्यंत माती. तोवर तिला घासा, खरवडा, कानाला धरून फिरवा. डोळे उघडले की हात लावायचा नाही; पाटासकट उचलायचं.

“आई,” ती म्हणाली, “त्या निवटीच्या डोळ्यावर काठी का नाय मारलीस?”

शांतीने ब्रश पाण्यात हलवला. “आखलेल्या डोळ्यावर मारायचं व्हय?”

“मासाय तो.”

“असू दे मासा.” मग ती वर न बघता म्हणाली, “ते डोळे तू आखलेस ना?”

“मीच. कसं कळलं?”

“रेघ टोकाला उचललेस. मी उचलते तशी. तुझे बाबा सगळीकडे मारे सांगतात, पोरीने हात घेतला नाय म्हणून.” तिने ब्रश फडक्याला पुसला. “ठिपका पण दिलास आता. पहिल्यांदा नव्हता. ठिपका बघितला नि म्हटलं, आता तर ह्याला नायच शिवायचं.”

विमलबाईने पाट हळूच भिंतीकडे नेऊन ठेवला.

सोमवारी पिंकीने अफिफाला सांगितलं की नाजूक ठिकाण बदलायचं.

“वेडी झालीस? शुक्रवारी डेमो जायचाय. आणि बाकी सगळ्यांनी पहिल्या झटक्यात डोळा फोडला. एकूण एक पोराने.”

“त्यांना ते मी शिकवलं नव्हतं. ते दुसऱ्या गेममधून शिकून आले. चमकतंय तिथे मारायचं. माझ्या लढाईने त्यांना काहीच शिकवलं नाही, अफिफा. आई एकटीच फक्त माझं बघून शिकली. आणि मी तिला सांगितलं काय, तर डोळा उघडला. एवढंच. आता त्याला मारायचं, हे मी कुठे सांगितलं?”

अफिफाने पेन्सिल केसांत खोचली. ती लगेच हो म्हणणाऱ्यांतली नव्हती. “मग मारायचं कुठे?”

“कल्ल्यात. निवटी पाण्याबाहेर येताना कल्ल्यांत पाणी धरून ठेवते. आपटली की ते बाहेर येऊ दे. झाकण उघडलं की आत लालभडक.”

“आणि तुझ्या आईला ते कळेल?”

“बाजारात मासळी घेताना तुझी अम्मी काय उघडून बघते?”

“कल्ले,” अफिफा म्हणाली, आणि स्वतःशीच हसली. “अम्मी तर बोट घालते आत. कोळणी ओरडतात.”

“मग?”

“मग डोळ्यांचं काय करायचं? काढून टाकायचे?”

“नाही. ते इशारा. ती आता बघतेय, म्हणजे आता येणार.”

दोघींनी टेबलावर कागद पसरला. पहिल्या टप्प्यात डोळे उघडतील, त्यानंतर पंखा उभा राहील, मग उडी. दोन इशारे जोडीने, सावकाश, म्हणजे डोळ्यांचा अर्थ पंख्यावरून कळेल. पडली की कल्ले उघडतील आणि पुरेसा वेळ उघडे राहतील. कोणी डोळ्यावर मारलंच तर निवटी तो आत ओढून घेईल आणि मुका आवाज होईल. शिक्षा नाही, फक्त नकार. दुसऱ्या टप्प्यात भरतीचं पाणी चढल्यावर पंखा पाण्याखाली जाईल. मग वर दिसणार फक्त डोळे. पहिल्या टप्प्यात जे पंख्याच्या आधाराने शिकलं ते आता आधाराशिवाय. तिसऱ्यात एकापाठोपाठ दोन उड्या, आणि कल्ले दुसरीनंतरच.

“हे आधीपेक्षा बरं आहे,” अफिफा नाखुशीने म्हणाली. “आधीचा दुसरा टप्पा नुसता शेपटीचा फटका होता. नवीन काहीतरी हवं म्हणून घातलेला.”

कल्ल्यांचा लाल रंग पिंकीला तीनदा करावा लागला. पहिला फार शेंदरी झाला, दुसरा शिळ्या मासळीसारखा. अफिफाने मधे उडीची वेळ बिघडवली; निवटी डोळे मिटलेले ठेवूनच हवेत जायला लागली. ते सापडेपर्यंत बुधवार उजाडला. बुधवारीच कॉलेजची पोरं बोलावली. ती सवयीने डोळ्यांवर तुटून पडली, ठप्प ऐकून बुचकळ्यात पडली, आणि थोड्या वेळाने त्यांतला एक “अरे, कल्ला!” म्हणून ओरडला.

गुरुवारी शांती पुन्हा रोह्याला आली. ह्या वेळी कोणी बोलावलं नव्हतं. “नागोठण्याला काम होतं,” ती म्हणाली. काय काम ते सांगितलं नाही. चपला काढल्या आणि स्वतःच कंट्रोलर हातात घेऊन बसली.

पिंकी मागच्या खुर्चीत.

निवटी वर आली. डोळे उघडले. शांती मागे झाली. पंखा उभा राहिला, निवटी जिथे शांती होती तिथे आपटली. कल्ल्यांची झाकणं उघडली, पाणी भसकन बाहेर आलं, आतलं लाल दिसलं.

“हां,” शांती म्हणाली. “ताजी हाय.” आणि काठी मारली.

चित्र थबकलं, निवटी किंचाळली, पट्टी खाली आली. शांती दचकून कंट्रोलरकडे बघायला लागली, आपणच काहीतरी मोडलं अशा नजरेने. मग पुन्हा निवटीकडे. पुढच्या उडीनंतर तिने न घाबरता मारलं.

पाणी चढलं. बांधाच्या दोन्ही अंगांनी चिखल दिसेनासा झाला आणि उभं राहायला थोडी जागा उरली. पंखा गेला. शांतीने पाण्यावर नजर फिरवली, पंखा शोधला, सापडला नाही, आणि निवटीने तिला पाण्यात पाडलं. लढाई पहिल्यापासून. पुन्हा पाणी चढलं, पुन्हा पडली. पिंकीने ओठ आत घेतले. सांगायचं तर तिला एकच शब्द पुरला असता.

त्यानंतरच्या वेळी पाणी चढल्यावर शांतीने बटणांना हातच लावला नाही. तिने पुढे वाकून स्क्रीनकडे नुसतं पाहिलं, मूर्तीसमोर ब्रश धरून बसते तशी. डाव्या बाजूला पाण्यावर दोन सोनेरी डोळे वर आले.

“बघतेस होय माझ्याकडे,” ती हळूच म्हणाली आणि उजवीकडे उडी मारली.

तिसरा टप्पा तिला फार जड गेला. पहिली उडी चुकवून ती कल्ल्याकडे धावायची आणि दुसरीत सापडायची. अफिफाने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. एकदा पट्टी जवळजवळ संपली असताना शांती हरली. तिने पिंकीच्या समोर कधी न दिलेली एक आगरी शिवी दिली. अफिफा स्वयंपाकघरात पळाली.

मग शांती थांबायला शिकली. पहिली उडी चुकवली की हलायचं नाही. पुन्हा डोळे, आता बाजूला. दुसरी उडी. कल्ला. परत. कल्ला.

पट्टी संपली.

निवटी वळली, शेपटीने थोडं पाणी उडवलं आणि बिळात सरकली. पाणी ओसरायला लागलं. बांध तसाच उभा होता.

शांतीने कंट्रोलर खाली ठेवला, बोटं मोडली, आणि मागे वळून पिंकीकडे बघितलं. तिचा चेहरा घामाने चमकत होता.

“तू काय बी बोलली नायस,” ती म्हणाली.

“बोलायचं नसतं, आई.”

“बोलली नायस काय, सारखी बोलत होतीस की. आता बघ, आता हो बाजूला, आता मार. चुकले तर परत तेच, हळू.” तिने पदराने तोंड पुसलं. “मी तुला ब्रश धरायला शिकवताना इतकं हळू कधी नाय सांगितलं.”

पिंकी उठून आईच्या बाजूला जमिनीवर बसली.

“हे करायला काय काय लागतं?” शांतीने विचारलं. “म्हणजे तो डोळा वर येतो, तो तू आधी कागदावर काढतेस, की हितंच?”

“आधी कागदावर. दाखवू?”

“दाखव की. गाडीला येळ हाय अजून.”

पिंकीने कपाटातून चित्रांचा गठ्ठा काढला आणि आईच्या मांडीवर ठेवला. सगळ्यात वर मिटलेला डोळा होता, मग जरा उघडलेला, मग आणखी. शांतीने चष्मा लावला आणि एकेक कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरायला लागली. तिसऱ्यावर ती थांबली.

“ही रेघ जाड झालेय गो,” ती म्हणाली. “पेन्सिल हाय का?”